डॉक्टरांचं पत्र असूनही दीर्घकालीन अपंगत्व लाभाचा क्लेम नाकारला. पत्रात नेमकं काय लिहून घ्यावं?

चाफ्याची_फांदी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडचण घेऊन आले आहे.

मी 44 वर्षांची. सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. अकाउंट्समध्ये काम करायचे, दिवसभर बिलांच्या नोंदी. गेल्या वर्षभरात हातांची बोटं आणि दोन्ही मनगटं इतकी धरायला लागली की रजा संपल्या, आजारपणाची रजाही संपली. कंपनीच्या गट विम्यात दीर्घकालीन अपंगत्वाचा लाभ आहे, म्हणून अर्ज केला. डॉक्टरांनी पत्र दिलं. ते असं होतं:

"सदर रुग्णास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा आजार असून त्यांचे सांधे दुखतात व सुजतात. त्या कोणतेही काम करण्यास असमर्थ आहेत. कृपया त्यांना लाभ मंजूर करावा."

परवा नकाराचं पत्र आलं. त्यात म्हटलंय की निदानाबद्दल वाद नाही, पण "बैठं काम करता येणार नाही असं दाखवणारी कार्यक्षमतेची माहिती उपलब्ध नाही". फेरविचारासाठी मुदत आहे. माझे डॉक्टर चांगले आहेत, पुन्हा पत्र द्यायला तयार आहेत. "काय लिहायचं ते सांगा," असं तेच म्हणाले. आणि मला सांगता येईना. कुणाला अनुभव आहे का?

रोखठोक

सोपं आहे. पत्र फार मवाळ आहे. "कायमस्वरूपी 100 टक्के अपंग" असं ठळक लिहून घ्या, वर मोठ्या तज्ज्ञाची सही. विमावाले मोठ्या नावाला दबतात. माझ्या मेव्हण्याचं तसंच झालं होतं, एका पत्रात काम झालं.

सूर्यफूल

ताई, अपंगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयात मंडळापुढे मिळतं, तिथे टक्केवारी ठरवतात. खासगी डॉक्टरांचं पत्र चालत नाही. आधी ते काढा.

जुनी_फाईल

सूर्यफूल, तो विषय वेगळा. ते प्रमाणपत्र शरीराची हानी किती टक्के झाली ते सांगतं, सवलतींसाठी लागतं. इथे प्रश्न नोकरीच्या विम्याचा आहे, आणि तिथे टक्के कुणी विचारत नाही. तिथे विचारतात की ही बाई तिची नोकरी दिवसाचे आठ तास, आठवड्याचे पाच दिवस करू शकते का, आणि नसेल तर कुठे अडतं.

मी अकरा वर्षं क्लेमच्या फायली तपासल्या आहेत, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून. त्यामुळे फाईल कशी वाचली जाते ते सांगतो. तपासणारा डावीकडे नोकरीचं वर्णन ठेवतो आणि उजवीकडे डॉक्टरांचं पत्र. नोकरीच्या वर्णनात लिहिलेलं असतं की 6 तास की-बोर्ड, 7 तास बसणं, महिन्यातून एकदा 5 किलोपर्यंतच्या फायली उचलणं. मग प्रत्येक ओळीसमोर तो पत्रात आकडा शोधतो. चाफ्याच्या पत्रात एकही आकडा नाही. म्हणजे उजवी बाजू कोरी. कोरी बाजू असली की तपासणारा स्वतःचा अंदाज भरतो, आणि "सांधेदुखी, बैठं काम" याचा त्याचा अंदाज असतो "करता येईल".

"कोणतेही काम करण्यास असमर्थ" हे वाक्य मी फायलींमध्ये हजारदा वाचलंय. तो निष्कर्ष आहे, आणि निष्कर्ष काढणं हे पॉलिसीप्रमाणे विमा कंपनी स्वतःचं काम मानते. डॉक्टरांकडून तिला त्याआधीची पायरी हवी असते. रोखठोक यांच्या मेव्हण्याचं प्रकरण मला माहीत नाही, कदाचित रिपोर्टच बोलके असतील. पण "कायमस्वरूपी 100 टक्के" लिहिलं आणि बाई दुकानातून पिशवी घेऊन जाताना कुणी पाहिली, तर अख्खं पत्र कोसळतं. कंपन्या माणसं पाठवून व्हिडिओ काढतात, हे ऐकीव नाही. तेच पत्र "उजव्या हाताने 2 किलोपर्यंत, अधूनमधून" असं असेल तर तो व्हिडिओ पत्राचाच पुरावा होतो.

मंजिरी_वैद्य

मी सांध्यांच्या आजारांचीच डॉक्टर आहे. अशी पत्रं महिन्याला दोन-तीन तरी लिहिते. सुरुवातीची माझी पत्रंही चाफ्याच्या डॉक्टरांसारखीच असायची. आम्हाला शिकवतात आजार लिहायला, आणि इथे लिहायचं असतं आजारामुळे काय अडतं ते. आजाराची तीव्रता मोजणारा DAS28 हा आकडा 5.4 आहे असं लिहिलं की मला वाटायचं, झालं, आजार जोरात आहे हे सिद्ध झालं. 5.1 च्या वर म्हणजे जोरातच. पण त्या आकड्यातून वाचणाऱ्याला हे कळत नाही की बाई सलग किती वेळ टाइप करू शकते.

आता मी पेशंटला पत्राआधी वेगळी वेळ देते आणि त्या वेळात फक्त कामाबद्दल विचारते. सलग किती मिनिटं? मग काय होतं? बोटं वाकत नाहीत, की दुखतं, की पकड सुटते? थांबल्यावर किती वेळाने पूर्ववत होतं? दिवसात असं किती वेळा जमतं? दुसऱ्या दिवशी काय होतं? नोकरी एका दिवसाची नसते, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. एकदा जमणं आणि रोज जमणं यातला फरक पत्रात यावाच लागतो.

त्यानंतर मी स्वतः जे मोजू शकते ते मोजते. पकडमापकाने प्रत्येक हाताची पकड तीनदा घेते. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर पेशंटने मनापासून जोर लावला असं बहुधा धरता येतं. ही कसोटी अचूक आहे असा माझा दावा नाही, पण तीन वेळचे आकडे लिहिले की वाचणाऱ्याला निदान काहीतरी हाताला लागतं.

चाफा, तुमची पकड कुणी मोजली आहे का? आणि सकाळचा कडकपणा किती वेळ असतो?

चाफ्याची_फांदी

पकड फिजिओकडे मोजली होती. उजवी 9, 8, 9 किलो. डावी 11, 10, 11. मी उजव्या हाताची.

सकाळी सहाला उठते. साडेआठपर्यंत मूठ वळत नाही. गरम पाण्यात हात धरून बसते, तरी कुकरचं झाकण फिरवता येत नाही, शर्टाची बटणं तर नाहीच. काल मुलीने वेणी घालून दिली.

मंजिरी_वैद्य

या वयात निरोगी बाईची पकड साधारण 25 ते 30 किलोच्या घरात असते. तुमची त्याच्या एक तृतीयांश आहे, आणि तिन्ही वेळा सारखी. हे पहिल्या पत्रात नव्हतं, हीच मोठी उणीव. मूठ, झाकण, बटणं हेही लिहून घ्या. "सकाळचा कडकपणा" असं नुसतं लिहिलं तर डोळ्यांपुढे काही येत नाही. "सकाळी सहाला उठतात, साडेआठपर्यंत मूठ वळत नाही" म्हटलं की नऊच्या पाळीला काय होईल ते सांगावं लागत नाही.

ओवी

माझा अनुभव सांगते. मला मायग्रेन आहे आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. स्कॅन स्वच्छ, रक्त स्वच्छ. "वस्तुनिष्ठ पुरावा नाही" म्हणून दोनदा परत पाठवलं. शेवटी वहीने वाचवलं. रोज तारीख, किती वाजता सुरू, किती वेळ अंधारात पडून, काय काम राहिलं, एवढंच लिहायचे. तीन महिन्यांची वही डॉक्टरांनी पत्राला जोडली आणि पत्रात लिहिलं की "महिन्यातून 7 ते 9 दिवस पूर्णपणे जातात, आणि कोणते ते आधी सांगता येत नाही". त्या "आधी सांगता येत नाही" ने फरक पडला असं मला वाटतं.

चाफा, माझं पत्र मीच टाइप करून नेलं होतं, डॉक्टरांनी वाचून सही केली. तसं करून पाहा, त्यांचाही वेळ वाचतो.

जुनी_फाईल

ओवी, तुमचं झालं हे चांगलंच. पण पेशंटने लिहिलेलं पत्र आम्हाला बहुतेक वेळा ओळखू यायचं. डॉक्टर "मला असह्य वेदना होतात" या सुरात लिहीत नाहीत. शंका आली की मग सगळ्याच पत्राकडे त्या नजरेने पाहिलं जातं. त्यापेक्षा डॉक्टरांना एक पान टिपणं द्यावीत आणि शब्द त्यांचे असू द्यावेत.

ओवी

ज्यांच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटंही नसतात त्यांनी काय करायचं? माझ्या डॉक्टरांनी स्वतः लिहिलं असतं तर पुन्हा दोनच ओळी आल्या असत्या. त्यांनी प्रत्येक वाक्य वाचलं, दोन खोडली, मग सही केली. मला यात गैर वाटत नाही.

मंजिरी_वैद्य

मी स्वतः तयार पत्रावर सही करत नाही. पण ओवीच्या डॉक्टरांनी वाचून, खोडून सही केली असेल तर मी त्यांना दोष देणार नाही. डॉक्टरांना त्यातल्या प्रत्येक वाक्याचा जाब देता आला पाहिजे, एवढं मात्र खरं.

चाफ्याची_फांदी

मीही गेले तीन महिने फोनमध्ये नोंदी ठेवल्या आहेत. उठताच येत नाही असे दिवस: पहिल्या महिन्यात 4, मग 6, मग 5. टाइप करायला साधारण 15 मिनिटं जमतं, मग 20 मिनिटं थांबावं लागतं.

आज डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी कच्चा मसुदा केलाय, मुख्य भाग इथे देते:

"रुग्ण सलग 15 मिनिटे की-बोर्ड वापरू शकतात, त्यानंतर 20 मिनिटे विश्रांती लागते. आठ तासांच्या पाळीत एकूण दीड तासापेक्षा जास्त की-बोर्ड वापरता येत नाही. उजव्या हाताने 2 किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये. आजार बळावतो तेव्हा महिन्यात 4 ते 6 दिवस काम अशक्य असते."

जुनी_फाईल

आधीच्या पत्राच्या मानाने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण एक भोक आहे, आणि तपासणारा पहिल्यांदा तिथेच बोट घालेल. 15 मिनिटं काम, 20 विश्रांती, म्हणजे 35 मिनिटांचा एक फेरा. आठ तासांत 480 मिनिटं. जवळजवळ चौदा फेरे बसतात, म्हणजे टायपिंग होतं साधारण 3 तास 25 मिनिटं. पत्र म्हणतं दीड तास. मग कोणतं खरं? तो 3 तास 25 धरेल आणि लिहील की डॉक्टरांच्याच म्हणण्याप्रमाणे जवळजवळ अर्धी पाळी जमते.

चाफ्याची_फांदी

अगं बाई. पण दीड तास खोटं नाहीये. सुरुवातीला 20 मिनिटं थांबलं की हात सुटतो. पाच-सहा वेळा असं झालं की मग विश्रांती घेऊनही सूज उतरत नाही. त्या दिवशी नंतर पेनही धरवत नाही.

जुनी_फाईल

मग पत्रात हेच हवं! "सहाव्या वेळेनंतर मनगटांची सूज विश्रांतीनेही उतरत नाही व त्या दिवशी हातांचे काम थांबवावे लागते." सहा गुणिले 15 म्हणजे 90 मिनिटं, तुमचा दीड तास. आता आकडे एकमेकांना धरून आहेत, आणि दीड तास कुठून आला तेही कळतं.

मंजिरी_वैद्य

मसुद्यात आणखी एक गोष्ट वेगळी करायला हवी. "करता येत नाही" आणि "करू नये" हे दोन निराळे. 15 मिनिटांनंतर बोटं थांबतात, ते करता येत नाही. 2 किलोपेक्षा जास्त उचलणं एखाद्या दिवशी जमेलही, पण सुजलेल्या मनगटावर तो ताण पडला तर सांध्याची आणखी हानी होऊ शकते, म्हणून उचलू नये. ते डॉक्टरांनी घातलेलं बंधन आहे, आणि प्रत्येक बंधनाला कारण जोडायचं. कारण नसलेलं बंधन तपासणाऱ्याला सल्ल्यासारखं वाटतं.

मर्यादा कधीपासून आहेत तेही लिहून घ्या. तुम्ही कामावरून थांबलात ती तारीख, आणि त्या सुमारास डॉक्टरांनी काय पाहिलं. लाभ सुरू होण्याआधी पॉलिसीत काही महिन्यांचा थांबा असतो आणि त्या पूर्ण काळात मर्यादा होत्या हे दिसावं लागतं. आजच्या तारखेचं पत्र आजचंच सांगत असेल तर मधले महिने रिकामे राहतात.

रोखठोक

मेथोट्रेक्झेट घेता ना ताई? त्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशी गळून जायला होतं. तो दिवसही धरा. महिन्यात 4-6 चे सरळ 8-10 दिवस होतील.

चाफ्याची_फांदी

घेते. शनिवारी रात्री. रविवार खरंच मळमळीत जातो.

मंजिरी_वैद्य

मग तो दिवस गैरहजेरीत धरायचा नाही. रविवारी तुमची सुट्टी असते. औषधाचा त्रास म्हणून एका वाक्यात जरूर यावा, कारण तो खरा आहे. पण कामाच्या दिवसांत मोजला आणि कुणी गोळीचा वार पाहिला, तर बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल.

जुनी_फाईल

शंभर टक्के सहमत. चाफा, डॉक्टरांच्या केसपेपरच्या प्रती मागवल्यात का? फेरविचारात पत्राइतकेच तेही वाचतात.

चाफ्याची_फांदी

मागवल्या आहेत, आणि वाचून पोटात गोळा आला. तीन भेटींमध्ये एकच शेरा आहे: "स्थिर. तेच उपचार चालू." नकाराच्या पत्रातही हा शब्द उचललाय: "उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मते प्रकृती स्थिर". डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "अहो, स्थिर म्हणजे आणखी बिघडलं नाही, बरं झालं असं कुठे म्हटलंय!" जुने शेरे दुरुस्त करून घ्यावेत का?

मंजिरी_वैद्य

अजिबात नको. जुन्या नोंदीला हात लावायचा नाही, ते चूकही आहे आणि उघडही पडतं. डॉक्टरांनी नव्या पत्रात आजच्या तारखेने खुलासा करावा: "माझ्या नोंदींतील 'स्थिर' याचा अर्थ आजाराची तीव्रता त्याच पातळीवर राहिली असा आहे. ती पातळी जोरातल्या आजाराची होती, त्या भेटींतील सुजलेल्या सांध्यांची संख्या खालीलप्रमाणे." सुजलेले सांधे त्यांनी दर भेटीत मोजले असतील तर त्या तारखा आणि संख्या खाली द्याव्यात.

खरं सांगते, मीसुद्धा कित्येक वर्षं "स्थिर" लिहीत आले. आता "तीव्रता तीच, हातांचं काम तसंच मर्यादित" असं लिहिते. चार शब्द जास्त लागतात.

सूर्यफूल

मला वेगळंच वाटलं होतं, क्षमस्व. एक विचारू का? हात जात नसतील तर बोलून टाइप करायचं सॉफ्टवेअर असतं. कंपनी म्हणेल, ते वापरा आणि कामावर या.

जुनी_फाईल

चांगला प्रश्न, आणि म्हणतातच. बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन वर्षं स्वतःची नोकरी करता येते का हे पाहतात, आणि नंतर शिक्षण-अनुभवाला साजेसं कोणतंही काम जमेल का ते. त्या दुसऱ्या टप्प्यात हा प्रश्न हमखास येतो. चाफ्याच्या कामात दिवसभर आकड्यांचे रकाने भरायचे असतात, बोलून ते कितपत होईल हे नोकरीचं वर्णन देणाऱ्याने सांगायचं, डॉक्टरांनी नाही. डॉक्टरांनी "कोणतीही नोकरी करता येणार नाही" असं लिहिलं की ते त्यांच्या विषयाबाहेर जातात. त्यांनी मर्यादा लिहाव्यात. नोकऱ्यांशी ताडणं दुसऱ्याचं काम.

ओवी

पण मग महिन्यातले ते 4 ते 6 दिवस? ते तर कुठल्याही नोकरीला लागू आहेत, बोलून करायच्या सुद्धा.

जुनी_फाईल

हो. म्हणून ती ओळ सगळ्यात जपायची. तिच्याखाली वहीचा आधार हवा, आणि त्या दिवसांपैकी एखाद्या दिवशी दवाखान्यात गेल्याची नोंद असेल तर फारच उत्तम.

चाफ्याची_फांदी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पत्र झालं. दोन पानं. मुख्य परिच्छेद असा:

"मी या रुग्णावर सहा वर्षे उपचार करत आहे. कामावरून थांबल्यापासून मी त्यांना पाच वेळा तपासले व पुढील मर्यादा प्रत्येक वेळी आढळल्या. उजव्या हाताची पकड 9, 8, 9 किलो, डाव्या हाताची 11, 10, 11 किलो. सकाळी सहापासून साडेआठपर्यंत मूठ वळत नाही. की-बोर्ड सलग 15 मिनिटे वापरता येतो, नंतर 20 मिनिटे विश्रांती लागते. सहाव्या वेळेनंतर सूज विश्रांतीने उतरत नाही, त्यामुळे दिवसभरात दीड तासापलीकडे हातांचे काम होत नाही. त्यांच्या नोकरीला सहा तास लागतात. बसण्यास, चालण्यास व बोलण्यास विशेष मर्यादा नाही. महिन्यात 4 ते 6 दिवस आजार बळावतो, हे दिवस आधी सांगता येत नाहीत. तीन महिन्यांची नोंद सोबत जोडली आहे."

पुढच्या पानावर "स्थिर"चा खुलासा, उचलण्याचं बंधन कारणासह, औषधाचा त्रास एका ओळीत. "बसण्यास मर्यादा नाही" वाचून मी आधी घाबरले. डॉक्टर म्हणाले, "खरं आहे ना? मग राहू दे."

शेवटी त्यांनी "तीन महिन्यांनी फेरतपासणी करून मर्यादा पुन्हा कळवीन" असंही लिहिलंय, कारण नवीन इंजेक्शन सुरू करतोय. याने "तीन महिन्यांत बरी होणार" असा अर्थ निघेल का?

रोखठोक

मी काढून टाकायला सांगेन. कशाला त्यांच्या हातात कोलीत द्यायचं?

मंजिरी_वैद्य

मी ठेवीन. नवीन इंजेक्शन सुरू होतंय हे केसपेपरमध्ये येणारच आहे. फक्त शब्द बदलून घ्या: "नवीन उपचाराचा परिणाम आत्ता सांगता येत नाही, फेरतपासणीपर्यंत वरील मर्यादा कायम धराव्यात."

जुनी_फाईल

फेरतपासणीची ओळ मी दोन्ही बाजूंनी वापरलेली पाहिली आहे. काही तपासणाऱ्यांना ती प्रामाणिक वाटायची, काही तीन महिन्यांनंतरच्या तारखेला फाईल बंद करायची खूण करून ठेवायचे. मंजिरीताईंचा शब्दप्रयोग दुसऱ्या प्रकाराला थोडाफार अडवतो, पूर्ण नाही. चाफा, तीन महिन्यांनंतरची ती भेट आत्ताच ठरवून ठेवा आणि त्या दिवशी पकड पुन्हा मोजून घ्या.

चाफ्याची_फांदी

शब्द बदलून घेतला. पत्र, वही, फिजिओचा कागद, नोकरीचं वर्णन, सगळं एकत्र पाठवलं, पोच घेतली. भेटही ठरवली. निर्णय आला की इथेच लिहीन.